मध्यान्हीची सावली : ऋतुवर्णनाविषयी काही विचार

मराठी कथाकादंबऱ्यांच्या परीक्षणात 'वातावरणनिर्मिती' हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. कथानक, स्वभावचित्रण, संवाद ह्यांचा हिशेब आटोपला की शेवटच्या परिच्छेदात 'लेखकाने वातावरणही उत्तम उभे केले आहे' असे एक वाक्य टाकून परीक्षक मोकळा होतो. वातावरण म्हणजे नाटकातला पडदा, तो मागे सोडला की पुढे पात्रांनी आपले काम करावे, अशी ह्यामागची समजूत आहे. कथालेखकांचीही समजूत पुष्कळदा हीच असते. त्यामुळे प्रकरणाचा आरंभ पुढीलप्रमाणे करण्याची एक चालच पडून गेली आहे : आषाढाचे दिवस होते, काळेकुट्ट मेघ दाटून आले होते, विजांचा कडकडाट चालू होता, मातीचा धुंद सुगंध सुटला होता, आणि नायिकेच्या अंतःकरणातही तसेच वादळ घोंगावत होते. हा नमुना कोणा एकाचा नाही. तो सर्वांचा आहे. अशा वाक्यांत नेमके काय चुकते, हे पाहण्यापूर्वी ही चाल आली कोठून, हे पाहिले पाहिजे.

तिचे मूळ आपल्या काव्यशास्त्रात आहे. रससिद्धान्तात नायक व नायिका हे आलंबन विभाव. चंद्र, मेघ, वसंत, मलयवात हे उद्दीपन विभाव. भाव मुळात माणसांच्या ठायी असतो, ऋतू तो चेतवतो. ही व्यवस्था मुक्तकाला आणि नाटकाला पुरेशी होती. गद्य कादंबरीने ती जशीच्या तशी उचलली, आणि उचलताना तिच्यातील एक महत्त्वाची अट मात्र विसरून गेली. उद्दीपन म्हणून येणारा ऋतूही खरा असावा लागतो. तो विशिष्ट प्रदेशाचा, विशिष्ट महिन्याचा, विशिष्ट प्रहराचा असतो. प्राचीन तमिळ काव्यशास्त्राने तर ही अट स्पष्ट शब्दांत नोंदवली आहे. तोल्काप्पियम् ह्या ग्रंथात प्रत्येक भूभागाला त्याचा ऋतू, त्याचा प्रहर आणि त्याची प्रेमावस्था नेमून दिलेली आहे. होरपळलेल्या ओसाड भूमीला, म्हणजे 'पालै'ला, ग्रीष्म ऋतू, मध्यान्हीची वेळ आणि विरह मिळाला आहे. विरहिणीसाठी कोणताही ऋतू चालेल, ही सवलत तेथे नाही.

महाराष्ट्राच्या भूमीशी परंपरेने जोडलेल्या सर्वांत जुन्या काव्यसंग्रहातही हाच काटेकोरपणा दिसतो. हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत मध्यान्हीच्या उन्हावर एक गाथा आहे. बोलणारी एक स्त्री आहे, ऐकणारा एक पांथस्थ आहे. ती त्याला एवढेच सुचवते की ह्या वेळी सावलीसुद्धा उन्हाच्या भयाने देहाखाली दडून बसली आहे आणि तसूभरही बाहेर येत नाही. मग तू तरी विसावा का घेत नाहीस? गाथा येथे संपते. तिच्यात सूर्याला विशेषण नाही, घामाचा थेंब नाही, मृगजळ नाही. तरीही प्राकृत वाङ्मयात दुपार इतकी तीव्र क्वचितच झाली असेल.

ह्या कल्पनेकडे रसिकांनी चमत्कृती म्हणून पाहिले, उत्प्रेक्षेचे उदाहरण म्हणून पाहिले. ती चमत्कृती आहेच. पण त्याआधी ते एक निरीक्षण आहे, आणि ते भूगोलाच्या कसोटीला तंतोतंत उतरते. सूर्य वर्षातून दोनदा डोक्यावर नेमका उभा राहतो तो केवळ कर्कवृत्त आणि मकरवृत्त ह्यांच्या मधल्या पट्ट्यात. पैठण साडेएकोणीस अक्षांशाच्या आसपास आहे. तेथे हा योग मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात येतो, आणि पुन्हा जुलैच्या अखेरच्या आठवड्यात. दुसऱ्या खेपेला आभाळ ढगांनी भरलेले असल्यामुळे तो सहसा कोणाच्या ध्यानातही येत नाही. म्हणजे सावली पायाखाली गडप होण्याचा अनुभव गोदाकाठच्या माणसाला वैशाख-ज्येष्ठाच्या सुमारासच मिळतो. दिल्लीच्या माणसाला तो कधीच मिळत नाही. दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेस आहे. तेथे ऐन ग्रीष्मातही मध्यान्हीची सावली थोडी का होईना, उत्तरेकडे पडते. गाथेतली अतिशयोक्ती म्हणून जे वाचले जाते, ते दख्खनच्या वाटसरूला खाली मान घालून पाहता येणारे दृश्य आहे. कवीने स्वतःच्या पदरचे जे घातले ते फक्त 'भयाने' एवढेच.

आणि हे निरीक्षण गाथेत शोभेसाठी आलेले नाही. सावली दडली आहे म्हणजे वाटेवर थांबायला जागा नाही; झाडाची सावलीदेखील बुंध्याशी आखडली आहे. म्हणजे विसावा घ्यायचा तर तो घरातच घ्यावा लागेल. शिवाय ह्या वेळी रस्त्यावर दुसरे कोणी नाही. स्त्रीला जे बोलायचे नाही ते सारे उन्हाने बोलून टाकले आहे. ऊन येथे उद्दीपन तर आहेच, पण ते तिच्या निमंत्रणाचे कारण आहे, निमित्त आहे आणि आडोसाही आहे. ऊन काढून टाकले तर गाथा उरतच नाही. ऋतुवर्णनाची कसोटी लावायचीच असेल तर ती येथून उचलावी : वर्णन वगळून पाहावे, आणि मग काय शिल्लक राहते ते पाहावे. वर दिलेल्या आषाढाच्या नमुन्यातून मेघ, विजा आणि सुगंध वगळले तर नायिकेचे काहीही अडत नाही.

कालिदासाच्या ऋतुसंहाराचा आरंभ ग्रीष्मापासूनच होतो. उन्हाने पोळलेला साप मोराच्या पिसाऱ्याखाली आणि बेडूक सापाच्या फणीखाली सावली शोधतो, ही त्यातील चित्रे प्रसिद्ध आहेत. येथेही पद्धत तीच आहे, उष्णतेचे मोजमाप प्राण्यांच्या वागण्यातून दिलेले आहे. पण ती सृष्टी कवीने योजिलेली आहे हे लपत नाही. एका देखण्या रांगेत प्राणी उभे केलेले आहेत. गाथेतील ऊन मात्र एका माणसाच्या पायाखाली आहे, आणि कादंबरीला उपयोगी पडणारा मार्ग हा दुसरा आहे.

मराठी कादंबरीत ह्या मार्गाने जाणारी ठळक कृती म्हणजे व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (1955). औंध संस्थानातील धनगरांच्या एका वाडीवर नेमणूक झालेला तरुण शिक्षक ही कथा सांगतो. माणदेश हा पर्जन्यछायेचा मुलूख. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरी वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पायथ्याशी वाईला त्याचा पाचवा हिस्साही पडत नाही, आणि तेथून आणखी पूर्वेला सरकत माणदेशात यावे तो सालभराचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याच्याही खाली आलेला असतो. ही आकडेवारी कादंबरीत कोठे नाही, पण तिचे परिणाम आहेत. वाडी मेंढरांच्या वेळापत्रकावर चालते. मेंढरे चारणीला गेली की घरे ओस पडतात, आणि शाळा भरायची तर मेंढरांमागे जाणारी पोरे मास्तराला आधी मिळवावी लागतात. उन्हाचे वर्णन करण्यासाठी निवेदक थांबत नाही. कोण कोठे आहे, कोण कोठे नाही, एवढे कळले की ऊन किती झाले आहे ते वाचकाला आपोआप कळते.

पुढे अवर्षण येते, आणि येथे माडगूळकरांपुढे जी अडचण होती तिचा विचार मराठी समीक्षेने पुरेसा केलेला नाही. पाऊस पडला तर त्याचे वर्णन करता येते. न पडलेल्या पावसाचे कसे करावे? आकाश निरभ्र आहे, काल होते तसेच आज आहे. नाट्य म्हणून काहीच घडत नाही. दुष्काळाची गोष्ट सांगणारे लेखक बहुधा ह्या पेचातून सुटण्यासाठी भेगाळलेली भुई, गिधाडे आणि सांगाडे ह्यांच्याकडे धाव घेतात, आणि दुसऱ्या प्रकरणातच शोकांतिकेचा शेवट गाठतात. 'बनगरवाडी'त अभाव हळूहळू, मोजत मोजत साचतो. पाण्यावाचून आणि चाऱ्यावाचून कळप खंगतात, माणसे बिऱ्हाडे उचलतात, एकामागून एक घरे रिकामी होतात, आणि शेवटी शाळा आहे पण शिकायला कोणी नाही अशी स्थिती येते. कादंबरीच्या आरंभी दिवसभर रिकामी दिसणारी वाडी संध्याकाळी भरत असे. अखेरीस ती भरत नाही. येथे ऋतू कोणाचा भाव चेतवीत नाही. तोच कर्ता आहे, आणि माणसे त्याचे कर्म आहेत. उद्दीपन ह्या संज्ञेत हे बसत नाही, आणि बसवण्याचा अट्टहासही करू नये.

अशा अभावाला मोजपट्टी शेतकऱ्याच्या भाषेत तयार आहे, हे येथे सांगितले पाहिजे. तो पाऊस महिन्यांनी मोजत नाही, सूर्याच्या नक्षत्रांनी मोजतो. एकेक नक्षत्र तेरा-चौदा दिवसांचे. जूनच्या 7-8 तारखेला मृग लागतो, 21-22 ला आर्द्रा, मग पुनर्वसू, पुष्य, आणि असे करत सप्टेंबरच्या अखेरीस हस्त. पुनर्वसूच्या पावसाला तरणा आणि पुष्याच्या पावसाला म्हातारा म्हणतात. मृग कोरडा गेला तर पेरणी लांबते, एवढेच. आर्द्राही गेल्या तर घरात बोलणे कमी होते. तरणाही आला नाही तर जनावराचा विचार सुरू होतो. हे तीन टप्पे ज्या लेखकाच्या हाती आहेत त्याला 'पावसाने दगा दिला' हे वाक्य लिहावे लागत नाही.

आता आषाढाच्या त्या नमुन्याकडे परत यावे. त्यातील दोष केवळ ठोकळेबाजपणाचा नाही, तो सत्याचाही आहे. मराठी वाचकाच्या मनात दोन पावसांची गल्लत झालेली आहे, आणि ती पुस्तकांनी केलेली आहे. एक वळीव, तो चैत्र-वैशाखात, दिवसभराच्या तापानंतर दुपार कलताना येतो. देशावर तो बहुधा पूर्वेकडून चालून येतो, पुढे धुळीचा लोट असतो, मागे टपोरे थेंब, कधी गारा, आणि वीज तर असतेच. तासा-दोन तासांत तो संपतो आणि रात्री चांदणे पडते. दुसरा पाऊस नैर्ऋत्येच्या वाऱ्याचा. कोकणात आणि घाटमाथ्यावर ऐन जुलैत तो दिवसच्या दिवस लागून राहतो, पण त्या दिवसांत वीज फारशी कडाडत नाही. त्या वेळचे मेघ सखल असतात. त्यांतून पाणी अपरंपार पडते, परंतु विजेला लागणारी उंची आणि पोटातले हिमकण त्यांच्याजवळ क्वचितच असतात. वीज आणि गडगडाट ह्यांचे दिवस मृगाच्या आगेमागे असतात, आणि मग परतीच्या पावसात, हस्त-चित्रांच्या सुमारास. विदर्भात स्थिती निराळी. तेथे आषाढ-श्रावणातही मेघ गर्जतात. म्हणून आषाढातील कडकडाट नागपूरच्या कथेत चालेल, राजापूरच्या कथेत तो खटकला पाहिजे. मातीच्या वासाचेही तसेच. तो तापलेल्या कोरड्या भुईवर पडलेल्या पहिल्या सरींचा असतो. आषाढ लागेपर्यंत भुई कधीच न्हाऊन निघालेली असते, आणि घरात वास येत असतो तो दमट कपड्यांचा, भिजल्या सरपणाच्या धुराचा.

समजा, तोच प्रसंग राजापूरकडील एका घरात घडतो आहे. नायिकेला माहेराहून निरोप येणार आहे आणि तो आलेला नाही. पाऊस आठवडाभर उघडलेला नाही. पागोळ्यांचा आवाज इतका सतत आहे की तो आता ऐकूच येत नाही, आणि अंगणात कोणी आले तर पाऊल वाजत नाही. वहाळाला पाणी आहे म्हणजे पलीकडची वाट बंद आहे. वाळत घातलेले लुगडे तिसऱ्या दिवशीही ओलेच आहे. चूल फुंकून फुंकून तिचे डोळे लाल झालेले आहेत, आणि ते कशाने लाल झाले ते घरात कोणी विचारीत नाही. ह्यात वीज नाही आणि मनातले वादळही नाही. परंतु निरोप का येत नाही, आला तर तो कसा कळेल आणि तिला मोकळेपणी रडता का येते, ह्या तिन्ही गोष्टी पावसाने ठरवल्या आहेत. एवढे झाल्यावर उघडीप पडली, तर त्या एका शब्दाने वाचक उठून बसेल. पाऊस थांबणे हीसुद्धा घटना असू शकते, हे आमचे कथाकार सहसा विसरतात.

धुक्याविषयी थोडेच सांगण्यासारखे आहे, पण ते वेगळे आहे. ऊन आणि पाऊस शरीरावर येतात, धुके दृष्टीवर येते. पावसाळ्यात घाटमाथ्यावर जे धुके म्हणून लिहिले जाते ते वस्तुतः डोंगराला टेकलेले ढगच असतात. ते वाऱ्याबरोबर वाहतात, क्षणात दरी उघडतात आणि क्षणात झाकतात. थंडीतले नदीखोऱ्यातले धुके ह्याच्या उलट. निरभ्र, निवांत रात्री जमीन आपली ऊब गमावते, तिला लागून असलेली हवा वरच्या हवेपेक्षा गार होते आणि खालीच अडकून पडते. अशा सकाळी चुलीचा धूर सरळ चढतो आणि थोड्या उंचीवर जाऊन गावावर आडवा पसरतो. ऊन चढले की हा थर मोडतो. हे धुके टिकायला वारा पडलेला असावा लागतो. म्हणून पौषातल्या सकाळी दाट धुके आणि झाडांना हेलकावे देणारा वारा एकाच वाक्यात आले, की लेखक त्या सकाळी अंथरुणातच होता असे खुशाल समजावे. शैलीच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की धुक्यात ज्ञानाचा क्रम उलटतो. आधी आवाज येतो, मग हालचाल दिसते, मग आकार, आणि रंग अगदी शेवटी. बैलाच्या गळ्यातील घुंगरू आधी ऐकू आले पाहिजे. जो लेखक आधी 'पांढऱ्याशुभ्र बैलांची जोडी येताना दिसली' असे सांगून नंतर 'सर्वत्र दाट धुके होते' असे लिहितो, त्याने धुके शब्दांत आणले, वाक्यात आणले नाही.

मुंबईच्या हिवाळी सकाळीला हाच धूर चुलीचा नसून गिरण्यांचा होता. बा. सी. मर्ढेकरांनी मुंबई बंदरातील माघ महिन्याची पहाट कवितेत आणली तेव्हा महिना नेमका सांगितला, आणि त्या सकाळी गवळी काय वाहून नेतात, हेही सांगितले. शहरालाही ऋतू असतो, आणि तो श्रमांच्या वेळांतून कळतो, ही जाण त्यापूर्वीच्या मराठी निसर्गकवितेत विरळ होती. त्या गिरण्यांची धुराडी 1982 च्या संपानंतर क्रमाने थंड झाली. त्यामुळे ही कविता आजच्या वाचकासाठी एका नष्ट झालेल्या हवेची नोंदही ठरते.

दुर्गा भागवतांच्या 'ऋतुचक्रा'चा (1956) निर्देश ह्या संदर्भात टाळता येत नाही, पण तो एका इशाऱ्यासह करावा लागतो. बारा महिन्यांचे हे ललितलेखन मराठीत अनन्य आहे, आणि झाडाझाडांच्या फुलण्या-गळण्याकडे पाहण्याची जी दृष्टी त्याने दिली तिचे ऋण मोठे आहे. मात्र तेथे ऋतू हाच नायक आहे. त्याच्या निरीक्षणांना दुसऱ्या कोणासाठी खोळंबावे लागत नाही. त्याचे अनुकरण करणाऱ्या कथाकारांनी बहावा केव्हा फुलतो आणि पळसाला पालवी केव्हा येते ही माहिती अचूक उचलली, आणि मग कथा थांबवून ती वाचकाला ऐकवली. असे वर्णन खोटे नसते, तरीही ते वगळण्याच्या कसोटीला उतरत नाही. पात्राला बहावा दिसण्याचे कारण काय, त्या वेळी तो मान वर करून पाहील का, हा प्रश्न निसर्गनिबंधाला पडत नाही. कथेला तो पडलाच पाहिजे. डोक्यावर मोळी असलेली बाई बहावा पाहत नाही. तिला खाली पडलेल्या पिवळ्या पाकळ्या दिसतील, तेवढ्याच.

भाषांतरात ह्या सर्व गोष्टींची परीक्षा होते. 'बनगरवाडी'चे राम देशमुखांनी केलेले इंग्रजी भाषांतर 1958 साली प्रसिद्ध झाले. अशा भाषांतरकारापुढे पहिली अडचण उभी राहते ती 'ऊन' ह्या साध्या शब्दाची. मराठीत ऊन पडते, चढते, तापते, कलते, उतरते. ते माणसाला लागते आणि माणूस आजारी पडतो. कोवळे असले तर त्यात मूल बसवतात. प्रकाश, उष्णता आणि वेळ ह्या तिन्ही गोष्टी ह्या एकाच शब्दात आहेत. हिंदीच्या भाषांतरकाराला 'धूप' सापडते, बंगालीला 'रोद', आणि बरेचसे काम भागते. इंग्रजीला मात्र प्रत्येक वाक्यात ठरवावे लागते की हा उजेड आहे की तो ताप आहे, की नुसती दुपारची बारा-साडेबाराची वेळ सांगितली आहे. 'उन्हे उतरली' ह्या दोन शब्दांत माणदेशी वाडीवर मेंढरे परत येण्याची वेळ झालेली असते. ते इंग्रजीत सांगायचे तर मेंढरे वेगळी सांगावी लागतात.